‘गाडी बिघडलीये’ एवढंच कळलं, तर शोध कुठून सुरू करायचा?

जानेवारीतली सकाळ होती. सव्वानऊला भाचीचा मेसेज आला : “मामा, स्कूटर बिघडलीये. काय झालं असेल?”

बाकी काही नाही. कुठली स्कूटर, चालू होत नाही की चालता चालता बंद पडली, आवाज येतोय का, शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, यातलं एक अक्षरही नव्हतं. विचारलं तर तिलाही माहीत नव्हतं, कारण गाडी तिच्या मैत्रिणीची. मैत्रीण चार दिवस गावाला जाताना किल्ली देऊन गेलेली. इंदिरानगरातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही उभी, आणि साडेदहाला हिला गंगापूर रोडला पोहोचायचं. शेजारच्या काकांनी निदान करूनही टाकलं होतं, “थंडी आहे ना, बॅटरीच गेली असणार. नवीन टाक.”

काकांचा अंदाज वेडगळ नव्हता. नाशिकला या दिवसांत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. जुनी बॅटरी नेमकी अशाच सकाळी मान टाकते. काहीच माहीत नसताना पैज लावायची झाली, तर मीही बॅटरीवरच लावीन. पण पैज वेगळी आणि निदान वेगळं. पैज चुकली की हजार-दीड हजाराची नवी बॅटरी बसते आणि गाडी तशीच उभी राहते. मग दुसरा कोणी स्टार्टर मोटरवर पैज लावतो, तिसरा रिलेवर, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचवर, आणि प्रत्येक पैजेचे पैसे गाडीवाल्याच्या खिशातून जातात.

माहिती शून्य असली की कारणांची यादी आठवत बसण्यात अर्थ नसतो. ‘गाडी बिघडली’ या दोन शब्दांत पन्नास कारणं बसतात. मी कारणाकडे जातच नाही. मी असा प्रश्न शोधतो, ज्याच्या उत्तराने त्या पन्नासातली निम्मी एकदम बाद होतील. मग उरलेल्यांतली निम्मी. विहिरीवरचा पंप पाणी देत नसेल तर शेतकरी आधी पंप उघडत नाही, लाईट आहे का ते बघतो. तसंच हे.

मात्र त्याच्याही आधी एक प्रश्न असतो, आणि तो निदानाचा नसतो. मी तिला विचारलं, “पेट्रोलचा वास येतोय का? खाली काही सांडलंय का? कुठे धूर, वायर जळल्याचा वास?” यातल्या एकालाही ‘हो’ आलं असतं, तर किल्ली काढून गाडीपासून लांब हो, एवढंच सांगितलं असतं. ती म्हणाली, नाही. मग पुढे.

मीटरचा एक फोटो

“अगं, स्टँडवर लाव, किल्ली ऑन कर आणि मीटरचा फोटो पाठव. स्टार्टर दाबायचा नाही. फक्त किल्ली.”

ज्याला गाडीबद्दल काहीच सांगता येत नाही, त्याच्याकडून मी नेहमी हाच फोटो मागतो. शब्दांत अर्धा तास जाईल ते यात एका नजरेत दिसतं. मीटरच्या ठेवणीवरून गाडी कुठली ते बहुतेक वेळा ओळखू येतं. नाहीच आलं, तर आरसी बघावी, त्यावर मॉडेल, बनवल्याचा महिना-वर्ष, इंधन, सगळं असतं. फोटोत पेट्रोलचा काटा दिसतो, एकूण किलोमीटर दिसतात. आणि इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा दिसतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, तेव्हापासूनच्या पेट्रोल स्कूटरना कार्बोरेटरऐवजी इंधन सुईतून फवारणारी यंत्रणा असते. या गाड्यांत किल्ली ऑन केली की तो पिवळा दिवा लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. किल्ली ऑन करूनही मीटर पूर्ण काळा राहिला, तर बॅटरीपासून मीटरपर्यंतच्या वाटेवरच काहीतरी तुटलंय, बहुधा फ्यूज किंवा सुटलेली वायर. मग पेट्रोल, प्लग, एअर फिल्टर यांचा विचार तूर्तास करायचाच नाही.

तिच्या फोटोत मीटर उजळलेला होता. अठरा हजार दोनशे किलोमीटर. पेट्रोल अर्ध्याच्या वर. पिवळा दिवा लागलेला, म्हणजे ठीक. पण माझी नजर अडकली ती कोपऱ्यातल्या घड्याळावर. मेसेज सव्वानऊचा, फोटो नऊ वीसचा, आणि मीटरमधलं घड्याळ दाखवत होतं एक वाजून तीन मिनिटं.

कोणी म्हणेल, लोक घड्याळ लावतच नाहीत. खरंय. पण अशा बऱ्याच डिजिटल घड्याळांचा वीजपुरवठा क्षणभर तुटला की ती पुन्हा एक वाजल्यापासून मोजायला लागतात. एक-तीन याचा अर्थ, तीन मिनिटांपूर्वी या मीटरची वीज गेली होती. तीन मिनिटांपूर्वी काय झालं होतं? तिने स्टार्टर दाबून पाहिला होता. सर्व्हिसिंगची नोंद नव्हती, पण गेल्या तीन मिनिटांचा हिशोब गाडीने स्वतःच ठेवला होता.

बटण दाबल्यावरचे तीन रस्ते

आता स्टार्टर दाबायला सांगितला, पण आधी दोन गोष्टी करून घेतल्या. साइड स्टँड पूर्ण वर आणि ब्रेकचा लिव्हर घट्ट दाबलेला. हल्लीच्या बऱ्याच स्कूटर साइड स्टँड खाली असला तर चालूच होत नाहीत, आणि ब्रेक दाबल्याशिवाय स्टार्टरपर्यंत वीज पोहोचत नाही. काही गाड्यांना हँडलवर इंजिन बंद करायचा लाल स्विच असतो, तोही बघावा. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल बसल्यामुळे ‘बंद पडलेल्या’ गाड्या टेम्पोत घालून गॅरेजला आलेल्या मी पाहिल्या आहेत.

बटण दाबल्यावर तीनच गोष्टी होऊ शकतात. एक, काहीच नाही, पूर्ण शांतता. दोन, ‘टक्’ असा एखादा आवाज येतो किंवा ‘टकटकटक’ अशी माळ लागते, पण इंजिन फिरत नाही. तीन, इंजिन घरघर फिरतं, पण पेट घेत नाही. आवाजाचं वर्णन करता न येणाऱ्या माणसालाही या तिघांतलं कुठलं झालं ते सांगता येतं, म्हणून प्रश्न असाच विचारावा.

शांतता असेल आणि हॉर्न मात्र खणखणीत वाजत असेल, तर बॅटरीकडे संशयाने बघायचं कारण कमी होतं. बटणाची आज्ञा रिलेपर्यंत जात नाहीये. ब्रेकचा स्विच, स्टँडचा स्विच, बटण, रिले, या ओळीत कुठेतरी दुवा सुटलाय. ‘टक्’ येत असेल तर आज्ञा पोहोचली, रिले हलला, पण मोटर फिरवण्याइतका करंट मिळत नाही. आणि इंजिन फिरत असेल तर बॅटरी, रिले, स्टार्टर हे तिघेही बहुतेक निर्दोष, शोध पेट्रोल आणि ठिणगीकडे वळवायचा.

जाता जाता एक सावधगिरी. बॅटरी तपासायला ‘हेडलाइट लावून बघ, मंद आहे का’ असं जुने लोक सांगतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवायची सक्ती झाली आणि बऱ्याच स्कूटरमध्ये तो इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. इंजिन बंद असताना हेडलाइट लागला नाही म्हणून बॅटरी मेली असं समजू नये. हॉर्न आणि इंडिकेटर बघावेत.

भाचीने फोन स्पीकरवर ठेवून बटण दाबलं. मला ‘टक्’ ऐकू आलं. ती म्हणाली, “मीटर पण विझला आणि परत लागला.” घड्याळ? “एक वाजले.”

दुसरा रस्ता. पन्नास कारणांतून आता चारच उरली. बॅटरी दमलेली, बॅटरीचे टर्मिनल सैल किंवा गंजलेले, जाड केबल खराब, किंवा स्टार्टर मोटर जाम होऊन भलताच करंट ओढतेय. पेट्रोलचा प्रश्नच मिटला. प्लगचाही. काकांची बॅटरी अजून शर्यतीत होती, पण एकटी नव्हती.

“किकने होते का बघ,” म्हटलं. या गाडीला किकच नव्हती. असती तरी एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुन्या कार्बोरेटरच्या बऱ्याच स्कूटर मेलेल्या बॅटरीवरही किकने सुरू व्हायच्या. नव्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि इंजिनचा छोटा संगणक दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी अगदीच रिकामी असेल तर किक मारून पाय दुखतील, इंजिन घेईलच असं नाही. किल्ली ऑन केल्यावर सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘हूंऽ’ असा आवाज येतो, तो त्या पंपाचा. तिच्या गाडीत तो येत होता.

ती रिक्षाने गेली. दुपारी मी सातपूरहून मल्टिमीटर घेऊन तिकडे गेलो.

एकच बॅटरी, दोन आकडे

मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत येतो आणि तो वापरायला इलेक्ट्रिशियन असावं लागत नाही. डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक धनाला, काळं ऋणाला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली, भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.० च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. इथे आकडा आला १२.६.

बरेच जण इथेच फसतात. आकडा चांगला आला म्हणून बॅटरी चांगली ठरवतात. पण हा आकडा बॅटरी स्वस्थ बसलेली असतानाचा आहे. आतून पार झिजलेली बॅटरीसुद्धा स्वस्थ बसून १२.६ दाखवू शकते. तिची खरी परीक्षा ओझं उचलताना होते, म्हणजे स्टार्टर दाबलेला असताना.

तेव्हा मीटरची टोकं कुठे टेकवायची, यावर सगळं निदान ठरतं. बॅटरीतून वर आलेला शिशाचा खांब असतो, आणि त्याला नट-बोल्टने घट्ट केलेली केबलची कडी असते. दोन्ही एकमेकांना चिकटलेले दिसतात, म्हणून कुठेही टोक लावलं तरी चालेल असं वाटतं. तसं नाही. मी टोकं आधी नेमकी शिशाच्या दोन खांबांवर टेकवली आणि सोसायटीतल्या एका मुलाला स्टार्टर दाबायला सांगितला. आकडा १२.६ वरून १२.२ वर आला, बस. मग तीच टोकं केबलच्या दोन कड्यांवर ठेवली. पुन्हा बटण. आता आकडा धाडकन ६ च्या खाली.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. बॅटरी दमलेली असती, तर ओझं आल्यावर तिच्या स्वतःच्या खांबांवरचाच व्होल्टेज कोसळला असता. स्टार्टर फिरत असताना खांबांवर १० च्या आसपास टिकला तर बॅटरी धडधाकट समजावी, ९ च्याही खाली जात राहिला तर ती गेलीच. इथे खांबांवर १२.२ टिकून होता. म्हणजे बॅटरी द्यायला तयार, पण तिच्याकडून कोणी घेतच नव्हतं. सगळा व्होल्टेज खांब आणि कडी यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत खर्च होत होता. टाकी भरलेली आहे, पण नळाच्या तोंडाशी चिंधी अडकलीये, अशी अवस्था. मीटर, पंप, हॉर्न यांना थेंबभर वीज लागते, ती त्या फटीतून निभून जायची. स्टार्टरला लोट लागतो. तो मागितला की फटीपाशी व्होल्टेज कोसळायचा आणि त्यासोबत मीटरही विझायचा. घड्याळात एक वाजायचा तो यामुळे.

मग एकेक कडी तपासली. ऋण बाजूची कडी बोटाने फिरत होती. त्या बॅटरीवर दुकानदाराने पेनाने लिहिलेली तारीख होती, तीन महिन्यांपूर्वीची.

सर्व्हिसिंगचा इतिहास कोणाला माहीत नव्हता, पण तो बॅटरीच्या अंगावर लिहिलेला होता. तीन महिन्यांची बॅटरी थंडीने मरत नाही. कोणीतरी ती बसवताना ऋण बाजूचा नट हातानेच फिरवून सोडला होता, पाना लावला नव्हता. रोजच्या खड्ड्यांनी तो आणखी सैल झाला. गारठ्याच्या सकाळी घट्ट ऑइलमुळे स्टार्टरने नेहमीपेक्षा जास्त करंट मागितला आणि फट उघडी पडली. काकांच्या सल्ल्याने नवी बॅटरी टाकली असती, तर बसवताना नट घट्ट झाला असता, गाडी सुरू झाली असती, आणि ‘बॅटरीच गेली होती’ हे सगळ्यांना कायमचं पटलं असतं. अशा चुकीच्या निदानाचा पुरावा कधी सापडतच नाही, म्हणून ते गल्लोगल्ली टिकून राहतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. किल्ली बंद. आधी ऋण बाजू सोडवायची, मग धन, म्हणजे पाना चुकून गाडीच्या लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. दोन्ही कड्या आणि खांब बारीक पॉलिश पेपरने चकचकीत केले. जोडताना उलट क्रम, आधी धन, मग ऋण, पान्याने घट्ट. वर पेट्रोलियम जेलीचं बोट, म्हणजे पावसाळ्यात पांढरट-हिरवा थर धरायला वेळ लागतो. बटण दाबलं, पहिल्या झटक्यात इंजिन सुरू.

तरी मी निघालो नाही. इंजिन थोडं रेस करून खांबांवर पुन्हा मीटर लावला. १४.१. साधारण १३.८ ते १४.५ मध्ये असेल तर गाडी बॅटरीला चार्ज करतेय. तो आकडा इंजिन चालू असूनही १२.५ वरच अडकला असता, तर आजचा नट घट्ट करून चार दिवसांनी दुसऱ्या कारणासाठी परत यावं लागलं असतं.

इंजिन फिरतं पण घेत नाही, तेव्हा

तिसऱ्या रस्त्यावर भाची आली नाही. पेट घ्यायला पेट्रोल, हवा, योग्य वेळी ठिणगी आणि सिलिंडरात दाब, या चारच गोष्टी लागतात. पंपाचा ‘हूंऽ’ येतोय का, प्लग काढला तर तो ओला आहे की कोरडा, या दोन प्रश्नांनी बराच रस्ता कापला जातो. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोहोचतंय, ठिणगी बघा. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाहीये.

एका परिस्थितीत मात्र ही परीक्षा घ्यायचीच नाही. पावसाळ्यात गोदेला पूर आला की रामकुंड, गोदाघाटाकडे लावलेल्या गाड्या पाण्यात जातात. पाणी ओसरलं की माणूस धावत जाऊन पहिली गोष्ट करतो ती स्टार्टर दाबायची. गाडी एअर फिल्टरच्या उंचीपर्यंत बुडाली असेल तर सिलिंडरात पाणी असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी फिल्टरचा डबा उघडून ओला आहे का बघावं, ऑइलची काडी काढून बघावी. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. ती गाडी ढकलत किंवा टेम्पोतून न्यावी. कारलाही हेच लागू.

आवाज सांगता येत नसेल तर

गाडी सुरू होते, चालते, पण ‘कसलातरी आवाज येतो’. आवाजाला शब्द देण्याच्या भानगडीत मी कोणाला पाडत नाही. एकाचं ‘खरखर’ दुसऱ्याचं ‘घरघर’ असतं. मी विचारतो, आवाज कशाबरोबर बदलतो?

गाडी जागेवर उभी ठेवून हळूच रेस केली तर येतो का? (स्कूटर असेल तर मेन स्टँडवर, मागचं चाक मोकळं फिरेल म्हणून त्यापासून कपडे, ओढणी लांब ठेवून.) कार उभी असतानाही येत असेल आणि रेसबरोबर वाढत असेल, तर तो इंजिनाकडचा, बेल्टचा किंवा सायलेन्सरचा. उभी असताना अजिबात नाही, फक्त चालताना, आणि वेगाबरोबर वाढतो, तर चाकं, टायर, बेअरिंग, ब्रेक. ब्रेक हलकेच दाबल्यावर बदलला किंवा थांबला तर ब्रेककडे बघा. कारमध्ये लांबट वळणावर एका बाजूला वळताना वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो, तर चाकाच्या बेअरिंगचा संशय घट्ट होतो, कारण वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. फक्त खड्ड्यात, गतिरोधकावर येत असेल तर सस्पेन्शन. द्वारका चौकातून मुंबई नाक्यापर्यंतच्या एका फेरीत हे सगळे प्रश्न आपोआप विचारून होतात, फक्त शेजारी बसलेल्याने कान देऊन टिपून ठेवायला हवं.

स्कूटरमध्ये थोडा घोळ आहे. तिचा बेल्ट आणि क्लच मागच्या चाकाशेजारीच असतात, त्यामुळे ‘मागून येतो’ याचा अर्थ ‘चाकातून येतो’ असा होत नाही. तिथे फोनवर निदान संपतं आणि कव्हर उघडावं लागतं.

कारच्या कोडबद्दल

कारमध्ये बॅटरी-स्टार्टरचा विचार तसाच चालतो, व्होल्टचे आकडेही साधारण तेच, फक्त स्टार्टरला करंट जास्त लागतो. वेगळं आहे ते डॅशबोर्डवरच्या दिव्यांचं. लाल दिवा, विशेषतः ऑइलच्या किटलीचा किंवा तापमानाचा, म्हणजे सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद. पुढच्या पंपापर्यंत नेतो, असं नाही. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजला जाता येतं. तोच लुकलुकत असेल तर सिलिंडरात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथला उत्प्रेरक जाळतंय, तेव्हा वेग उतरवून लवकर थांबावं.

हल्ली स्टिअरिंगखालच्या पोर्टला छोटा स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचता येतो, आणि काहीच माहीत नसलेल्या गाडीत तो मोठा आधार असतो. पण तो बिघडलेल्या भागाचं नाव सांगत नाही. समजा `P0171` आला. त्याचा अर्थ, इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळतंय. बरेच जण यावर लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. तो सेन्सर तर फक्त बातमीदार आहे. हवेचा पाइप कुठेतरी फाटून जादा हवा आत शिरत असेल, हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला असेल, पेट्रोलचा दाब कमी असेल, यातलं काहीही असू शकतं. कोडने फक्त सांगितलं की कुठल्या गल्लीत शिरायचं, घर आपल्यालाच शोधायचं असतं.

आणि कोड पुसण्याची घाई करू नये. कोड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, हे बऱ्याच गाड्या जपून ठेवतात. पुसलं की तेही जातं. बॅटरी काढून ठेवल्यानेही जाऊ शकतं. ज्या गाडीचा इतिहास कोणालाच माहीत नाही, तिचा तेवढाच लिहिलेला इतिहास असतो. आधी स्क्रीनचा फोटो काढा, मग काय ते करा.

सगळ्यात अवघड गाडी कुठली, तर गॅरेजमध्ये आल्यावर नीट चालणारी. अधूनमधून होणारा बिघाड कुठल्याच मीटरवर दिसत नाही. तिथे मी गाडीवाल्याला पंधरा दिवसांसाठी घरी पाठवतो आणि दर वेळी चारच गोष्टी लिहून ठेवायला सांगतो : इंजिन गार होतं की तापलेलं, पाऊस किंवा धुवून आणलेली होती का, टाकीत पेट्रोल किती, रस्ता चढ की सपाट. तीन-चार नोंदी झाल्या की नक्षी दिसायला लागते. दर वेळी गाडी धुतल्यानंतरच होत असेल, तर मी इंजिन उघडत नाही, प्लगची टोपी आणि वायरींचे जोड बघतो.

भाचीच्या मैत्रिणीची स्कूटर त्या दुपारी सुरू झाली, तशी मी आणखी पाच मिनिटं तिच्याभोवती फिरलो. ऑइलची काडी काढली, पातळी खालच्या खुणेजवळ. स्कूटरच्या इंजिनात सगळं मिळून साधारण पाऊण लिटरच ऑइल असतं, त्यातलं दोनशे मिली कमी होणं म्हणजे पाव हिस्सा गेला. मग मागच्या टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का शोधला, ४८२०. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे टायर २०२० च्या ४८व्या आठवड्यातला. आरसीवर गाडी बनल्याचा महिना डिसेंबर २०२०. टायर मूळचाच होता, आणि त्याच्या खाचांतले झिजेचे छोटे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आलेले. ओल्या रस्त्यावर असा टायर पाणी बाजूला सारू शकत नाही.

मी भाचीच्या मैत्रिणीला फोन लावला. तिला नटाची गोष्ट सांगितली, ती हसली. टायरची सांगितली, तशी ती गप्प झाली आणि म्हणाली, “काका, मी परवा येतेय. तोपर्यंत तिला बाहेर काढू देऊ नका.”